गुरुत्वाकर्षणाच्या चाचणीत चुकलेली चार उत्तरं, आणि ती का चुकली

बाई, नमस्कार. मी दहावी अ मधली. पहिल्या धड्यावरच्या चाचणीत माझे चार प्रश्न चुकलेत पण का ते कळलं नाही, घरी दादाला दाखवलं तर तो पण म्हणाला बरोबरच वाटतंय. एक, चेंडू सरळ वर फेकला तर सगळ्यात वरच्या ठिकाणी वेग आणि त्वरण किती, मी दोन्ही शून्य लिहिलं. दोन, २० मीटर प्रति सेकंद वेगाने वर फेकलेला चेंडू किती उंच जाईल आणि परत हातात यायला किती वेळ लागेल, g दहा धरायचा होता, मी २० मीटर आणि २ सेकंद लिहिलं. २० मीटर तर बरोबर आहे ना, मग तीनपैकी एकच मार्क का? तीन, ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं चंद्रावर वस्तुमान आणि वजन किती, मी दोन्ही १० किलो लिहिलं. चार, अवकाशस्थानकात अंतराळवीर का तरंगतात, मी लिहिलं तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून. वर्गात विचारायला लाज वाटली म्हणून लिहून देतेय. प्लीज समजावून सांगा.

---

तुझा पेपर परत काढून समोर ठेवलाय आणि मगच लिहायला बसले. पंचवीसेक वर्षं सांगलीत दहावीला विज्ञान शिकवतेय, हे चार प्रश्न दर वर्षी कुणा ना कुणाचे असेच चुकतात, आणि चारही एकाच पेपरात चुकले की मला कळतं की चुका चार नाहीत, एकच आहे. तुझ्या मनात g ही कुठेतरी बंद पडणारी गोष्ट आहे. चेंडू वर थांबला की बंद, चंद्रावर गेलं की अर्धवट बंद, अवकाशात गेलं की पूर्ण बंद. दादाला बरोबर वाटलं यात त्याचं काही चुकलं नाही, बोलताना आपण सगळे असंच बोलतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करूया कारण पुरावा तिथेच आहे. तुझ्या पेपरवर २० मीटरच्या अलीकडे पेनाने गिरवून गिरवून केलेला एक काळा ठिपका आहे, कागद मागून वर आलाय इतका दाबून. तिथे उणेचं चिन्ह होतं. खाली २ सेकंदाच्या अलीकडे पण तसाच ठिपका. तू काय केलंस ते मी तुझ्याच ओळींवरून लिहिते:

```
v² = u² + 2as
0 = 400 + 20s
s = -20

v = u + at
0 = 20 + 10t
t = -2
```

सूत्रं दोन्ही बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तर उणे आलं तेव्हा तुला खटकलं हे सुद्धा बरोबर, कारण चेंडू वर फेकला तर उंची उणे कशी येईल. पण खटकल्यावर मागे जाऊन बघायच्या ऐवजी तू चिन्हच झाकलंस. ते उणे तुला काहीतरी सांगत होतं बघ. तू u अधिक २० घेतलास आणि a पण अधिक १० घेतलास, म्हणजे वेग आणि त्वरण एकाच दिशेला. असा चेंडू कुठला? जो खाली फेकलाय तो. खाली फेकलेला चेंडू दर सेकंदाला जास्त जास्त जोरात जात राहतो, पुढे कधीच थांबत नाही, मग त्याचा वेग शून्य कधी होता असं समीकरणाला विचारलं तर ते बिचारं खरं तेच सांगतं की पुढे कधीच नाही, पण हाच चेंडू नुसता सोडलेला असता तर २ सेकंद आधी, २० मीटर मागे, त्याचा वेग शून्य असता. उणे दोन आणि उणे वीस. म्हणजे समीकरणाने अचूक उत्तर दिलंय, फक्त ते वेगळ्याच चेंडूचं आहे. आकडा जुळला तो दोन्ही प्रवास एकमेकांची उलटी नक्कल आहेत म्हणून, तू बरोबर मांडलंस म्हणून नाही. म्हणून २० मीटरला मी सूत्राचा एक मार्क दिला आणि मांडणीचा दिला नाही. तो मी वाढवणार नाहीये, कारण असाच जुळलेला आकडा बोर्डाच्या परीक्षेत दुसऱ्या गणितात जुळणार नाही. कसा जुळत नाही ते शेवटी दाखवते.

आता नीट मांड. सगळ्यात आधी एक दिशा ठरव आणि ती गणित संपेपर्यंत बदलू नको. वरची दिशा अधिक धरूया. चेंडू वर फेकला म्हणून u अधिक २०. पृथ्वी खाली ओढते म्हणून a उणे १०, आणि हे उणे १० चेंडू हातातून सुटल्यापासून परत हातात येईपर्यंत सगळा वेळ, वर जाताना, वर असताना, खाली येताना, एकच.

```
0 = 400 - 20s    →  s = 20
0 = 20 - 10t     →  t = 2
```

हे २ सेकंद नुसते वर पोचायचे. प्रश्नात परत हातात यायची वेळ विचारली होती, ती तू वाचलीच नाहीस असं मला वाटत नाही, चिन्ह झाकायच्या गडबडीत विसरलीस. परत हातात आला म्हणजे विस्थापन शून्य, चेंडू निघाला तिथेच आला, मग सरळ s च्या जागी शून्य घाल:

```
s = ut + ½at²
0 = 20t - 5t²
0 = 5t(4 - t)
t = 0  किंवा  t = 4
```

दोन उत्तरं आली, दोन्ही खरी. शून्य सेकंदाला चेंडू हातात होताच, आणि चौथ्या सेकंदाला परत आला. आपल्याला ४ हवंय. २ अधिक २ करून पण ४ च येतात, तसं लिहिलंस तरी मी पूर्ण मार्क देते, फक्त अंतर आणि विस्थापन यात गोंधळ करू नको, चेंडूने अंतर ४० मीटर कापलं पण विस्थापन शून्य, आणि सूत्रातला s हा विस्थापनाचा असतो.

काही मुलं क्लासमधून एक नियम पाठ करून येतात की वर जाताना g उणे आणि खाली येताना g अधिक. तुझ्या वहीत पण मी तो चौकट करून लिहिलेला बघितलाय. तो नियम तसा खोटा नाही, प्रवासाचे दोन तुकडे करून दुसऱ्या तुकड्याला खालची दिशा अधिक धरली तर चालतो. पण मुलांच्या डोक्यात त्याचा अर्थ असा बसतो की वर गेल्यावर g उलटा फिरतो, आणि जी गोष्ट उणेची अधिक होते ती मधे कुठेतरी शून्य होतच असणार ना. तुझं पहिलं उत्तर मला वाटतं तिथूनच आलंय.

तर पहिला प्रश्न. तोच चेंडू घेऊया, दर सेकंदाला वेग किती ते लिहून काढ. निघताना २०, एका सेकंदाने १०, दोन सेकंदांनी ०, तीनला उणे १०, चारला उणे २०. प्रत्येक सेकंदाला १० ने कमी होतोय, कुठेही खंड नाही. तरी तू म्हणशील की बाई ते सेकंदाचं झालं, पण नेमका वर असताना त्या एका क्षणाला काय? मग अगदी जवळून बघ. १.९९ सेकंदाला वेग अधिक ०.१, म्हणजे अजून जरासा वर चाललाय. २.०१ सेकंदाला उणे ०.१, म्हणजे जरासा खाली यायला लागलाय. बदल झाला उणे ०.२, वेळ गेला ०.०२ सेकंद. भागून बघ:

```
a = -0.2 / 0.02 = -10
```

अजून बारीक वेळ घेतलास, सेकंदाचा हजारावा भाग घेतलास, तरी उणे १० च येणार. वेग शून्यातून जातोय पण जाण्याचा दर तोच आहे. त्वरण म्हणजे वेग किती आहे ते नाही, वेग किती भरभर बदलतोय ते. आणि दुसऱ्या बाजूने विचार कर, वर पोचल्यावर वेग पण शून्य आणि त्वरण पण शून्य झालं असतं तर चेंडूला खाली यायला कारणच उरलं नसतं, तो तिथेच लटकून राहिला असता. तेव्हा उत्तर असं लिहायचं: वेग शून्य, त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. दिशा लिहायला विसरू नको.

तिसऱ्या प्रश्नासाठी आपल्या मार्केट यार्डात चल. तिथे हळदीचं पोतं मोजायचे दोन प्रकार तू लहानपणापासून बघितले असशील. एक मोठा तराजू, एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात लोखंडी वजनं. दुसरा ताणकाटा, आकड्याला पोतं अडकवायचं, आतली स्प्रिंग ताणते आणि काटा फिरतो. इथे सांगलीत दोन्ही ५० किलो दाखवतात म्हणून आपल्याला वाटतं दोन्ही एकच गोष्ट मोजतात. आता हे सगळं सामान चंद्रावर ने. तिथे g पृथ्वीच्या सहाव्या भागाइतका. तराजूत पोतं हलकं झालं, पण समोरच्या पारड्यातली वजनं पण तेवढ्याच पटीत हलकी झाली, म्हणून तराजू सरळच राहणार आणि ५० किलोच सांगणार. ताणकाट्यात समोर तोलायला काहीच नाही, नुसती ओढ मोजली जाते, ओढ सहावा भाग झाली म्हणून काटा साधारण ८ किलो आणि थोड्यावर थांबणार. तराजूने जे मोजलं ते वस्तुमान, पोत्यात हळद किती भरलीय ते. काट्याने जे मोजलं ते वजन, त्या हळदीला खाली किती जोराने ओढलं जातंय ते. वाटेत पोतं फाटून हळद सांडली नसेल तर वस्तुमान बदलायचं काही कारण नाही.

म्हणून ६० किलोचा माणूस चंद्रावर पण ६० किलोचाच. त्याचं वजन पृथ्वीवर ६० गुणिले १० म्हणजे ६०० न्यूटन, चंद्रावर त्याचा सहावा भाग म्हणजे १०० न्यूटन. वजन हे बल आहे म्हणून ते न्यूटनमध्येच लिहायचं. तुझे १० किलो कुठून आले ते मला कळतंय, चंद्रावर तो माणूस घरातल्या स्प्रिंगच्या वजनकाट्यावर उभा राहिला तर काटा खरंच १० दाखवेल, कारण त्या काट्यावरचे आकडे कारखान्यात पृथ्वीचा g धरून छापलेले असतात. म्हणजे तुझा विचार पूर्ण हवेत नव्हता. पेपर परत वाचताना मला वाटलं याचा अर्धा मार्क द्यायला हवा होता, तो मी आता दिलाय, दोनपैकी अर्धा. उरलेला दीड नाही, कारण वस्तुमान चुकलं आणि एकक पण चुकलं.

यातलं एक लक्षात ठेव, वस्तुमान कमी न होण्याचा त्रास चंद्रावर पण होतो. तिथे ५० किलोचं पोतं उचलायला सोपं जाईल, पण घर्षण नाही असं धरून ते आडवं ढकलत न्यायचं म्हटलं तर त्याला वेग द्यायला इथे जेवढा जोर लागेल तेवढाच तिथे लागेल, आणि पळतं पोतं अंगावर आलं तर धक्का पण तेवढाच बसेल. F = ma मध्ये g कुठेच नाही ना.

आता चौथा, हा मला सगळ्यात आवडता प्रश्न आहे आणि यात तुला शून्य मिळाला याचं मलाच वाईट वाटलं, कारण तू एकटी नाहीस, टीव्हीवर पण सर्रास शून्य गुरुत्वाकर्षण म्हणतात. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात होते तेव्हा वर्गात आपण त्यांना तरंगताना बघितलं होतं. ते स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं. ४०० किलोमीटर म्हणजे किती, तर आपल्या स्टँडवरून मुंबईची एसटी धरलीस तर जेवढं अंतर जाशील साधारण तेवढं, फक्त सरळ वर. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून आपण इथेच ६४०० किलोमीटर लांब आहोत. g हा केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, तेव्हा ६४०० चे ६८०० झाले तर g किती कमी होईल ते तूच घालून बघ:

```
g = 9.8 × (6400 / 6800)²
  = 9.8 × 0.886
  ≈ 8.7
```

इथे ९.८ आणि तिथे ८.७. शंभरातले जवळजवळ एकोणनव्वद टक्के शिल्लक आहेत, शून्य कुठे झालं. आणि खरंच शून्य असतं तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं, गोफणीची दोरी सुटल्यावर दगड जातो तसं.

मग तरंगतात का? स्थानक आणि आतला माणूस दोघंही एकत्र पडतायत म्हणून. एका सेकंदात किती पडतात ते काढूया, अर्धा गुणिले ८.७, म्हणजे साधारण ४.३ मीटर. पण त्याच एका सेकंदात स्थानक आडवं पुढे जातं साडेसात किलोमीटरपेक्षा थोडं जास्त, आणि तेवढ्या अंतरात त्याची गोल वाट पण खाली वळते साधारण ४.३ मीटरच. म्हणजे जेवढं पडलं तेवढी वाट खाली सरकलेली, जमीन काही जवळ येत नाही. असं पडत पडत दीडेक तासात पृथ्वीला एक फेरी होते. आत उभा असलेला माणूस पण तेवढाच पडतोय, पायाखालची फरशी पण तेवढीच पडतेय, मग फरशी त्याला खालून वर दाबणार कशी? आपल्याला आपलं वजन जाणवतं ते पृथ्वी ओढते म्हणून थेट नाही जाणवत, जमीन तळपायाला वर ढकलते ते जाणवतं. लिफ्ट खाली जायला सुरुवात करते तेव्हा पोटात गलबलतं, क्षणभर हलकं वाटतं, तेव्हा पण g तोच असतो, फक्त लिफ्टची फरशी थोडी कमी ढकलत असते. स्थानकात ती अजिबात ढकलत नाही. ताणकाट्याला पोतं अडकवून काट्यासकट हातातून सोडून दिलं तर पडेपर्यंत काटा शून्यावर असतो, पोतं मात्र तेवढंच. अगदी तसंच हे.

परीक्षेत दोन मार्कांना एवढं लिहायची गरज नाही. स्थानक आणि अंतराळवीर दोघंही सारख्याच गुरुत्व त्वरणाने मुक्त पतनात असतात, त्यामुळे स्थानकाची फरशी अंतराळवीरावर बल लावत नाही म्हणून वजन जाणवत नाही, तिथे g शून्य नसतो. एवढं पुरे. मुक्त पतन हा शब्द आला पाहिजे, तपासणारे तोच शोधतात.

आता चिन्ह झाकलं तर काय होतं ते. आपली शाळा दोनच मजली आहे म्हणून एखादी सातआठ मजली इमारत डोळ्यासमोर आण, गच्ची जमिनीपासून २५ मीटर उंच. गच्चीच्या कडेला उभं राहून तोच चेंडू त्याच २० च्या वेगाने वर फेकला, तो वर गेला, परत खाली आला, हाताजवळून निसटून खाली जमिनीवर पडला. एकूण वेळ किती? वरची दिशा अधिक ठरवलीय, जमीन हाताच्या २५ मीटर खाली, म्हणून s उणे २५. तुकडे पाडायची गरजच नाही:

```
-25 = 20t - 5t²
t² - 4t - 5 = 0
(t - 5)(t + 1) = 0
t = 5
```

५ सेकंद, एका ओळीत. उणे १ सोडून द्यायचं कारण तेव्हा चेंडू फेकलेलाच नव्हता. आता तुझ्या सवयीने २५ च्या आधीचं उणे काढून टाक. समीकरण होतं t² - 4t + 5 = 0, बीजगणितात शिकलीयस तसा विवेचक काढ, सोळातून वीस गेले उणे चार, वास्तव मूळच नाही. का नाही? कारण आता तू विचारतेयस की चेंडू हाताच्या २५ मीटर वर कधी पोचेल, आणि तो २० मीटरच्या वर जातच नाही हे तूच तुझ्या पेपरात काढलंयस.

हाच चेंडू जमिनीवर आदळताना वेग किती असेल ते तू काढून आण, v = u + at एवढंच लागेल, आणि ठिपका न करता आण. शनिवारी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत असते, ताणकाटा तिथल्या कपाटात आहे, एक विटेचा तुकडा अडकवून खाली गादीवर सोडून बघू, काटा शून्यावर येतो का ते तू बघ, सोडायचं काम मी करते. लाजायचं असेल तर दोघी मैत्रिणींना घेऊन ये, त्यांच्या पण चौथ्या प्रश्नाला शून्यच आहे.